पहिले पाऊल कोणत्या फ्रेमला?

झेब्रा पट्ट्यांवर पादचारी रस्ता कसा ओलांडतात याची व्हिडिओवरून नोंद करणे हे रस्ता सुरक्षेच्या अभ्यासातले आता रुळलेले साधन आहे. त्याची गरज अपघातांच्या आकडेवारीच्या मर्यादेतून निर्माण झाली. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे दगावली. त्यांतली ३२,८२५ पायी चालणारी होती. देशाचा आकडा असा थरकाप उडवणारा असला, तरी कुठलेही ठरावीक पट्टे घेतले तर तिथे प्राणघातक अपघात काही वर्षांत एखादाच झालेला असतो. शिवाय माणूस फुटपाथवरून कुठून उतरला, किती वेळ खोळंबला, तेव्हा गाडी किती दूर होती, हे पोलिसांच्या नोंदीत सहसा सापडत नाही. दुभाजकात थांबायला जागा करून फरक पडला का, हे अपघात मोजून ठरवायचे तर वर्षानुवर्षे वाट पाहावी लागेल. रस्ता ओलांडणे मात्र रोज शेकड्यांनी घडते, आणि थोडक्यात हुकलेले प्रसंगही त्यात असतात.

हेच प्रसंग मोजावेत, ही कल्पना जुनी आहे. जनरल मोटर्समधल्या पर्किन्स आणि हॅरिस यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस चौकात उभे राहून अचानक लागलेले ब्रेक आणि हुकवलेल्या धडका टिपण्याची पद्धत बसवली. पुढे स्वीडनमधल्या लुंड विद्यापीठात ख्रिस्टर हिडेन यांनी तिला शिस्त लावली. तेव्हा निरीक्षक रस्त्याच्या कडेला वही घेऊन बसत. व्हिडिओमुळे तोच क्षण पुन्हा पाहण्याची सोय झाली. पण पुन्हा पाहता येते म्हणून मोजमाप आपोआप अचूक होत नाही. पडद्यावर जे दिसते त्यातले काय आणि कोणत्या क्षणापासून मोजायचे, हे आधी ठरवावे लागते, आणि या कामातली बहुतेक मेहनत तिथेच खर्च होते.

जागा निवडताना पट्टे सिग्नलचे आहेत की बिनसिग्नलचे, हा पहिला प्रश्न. बिनसिग्नलच्या पट्ट्यांवर निर्णय माणूस आणि चालक आपापसात घेतात, म्हणून अभ्यासाला तेच जास्त रंजक. कायदा इथे स्पष्ट आहे. मोटार वाहन चालनाच्या २०१७ च्या विनियमांप्रमाणे अशा पट्ट्यांपाशी चालकाने वेग कमी करायचा, थांबायचे आणि पादचाऱ्याला आधी जाऊ द्यायचे. प्रत्यक्षात काय होते ते आपल्या कुठल्याही शहरात पाच मिनिटे उभे राहिले तरी कळते. अभ्यासाला त्याचे प्रमाण हवे असते.

कॅमेरा शक्यतो उंचावर लावतात, दुसऱ्या-तिसऱ्या मजल्याच्या गच्चीत किंवा सज्जात. कारण खालून घेतलेल्या चित्रणात एक बस आडवी आली की मागचे दहा जण गायब होतात. दुसरे कारण असे की तिपाईवरचा कॅमेरा फुटपाथवर दिसला की दुचाकीवाले दंडाच्या धास्तीने सरळ वागू लागतात आणि नोंद होते ती कॅमेऱ्याला घाबरलेल्या रहदारीची. जागामालकाची आणि वाहतूक पोलिसांची परवानगी अर्थातच आधी घ्यावी लागते. चित्रात पट्टे, दोन्ही बाजूंच्या फुटपाथची कड आणि येणाऱ्या वाहनांकडचा निदान पन्नासेक मीटर रस्ता यायला हवा. एका कॅमेऱ्यात एवढे मावले नाही तर दोन लावतात आणि दोन्हींत दिसणारी एखादी ठळक घटना धरून त्यांची वेळ जुळवतात. समोरच्या दुकानाचे शटर जमिनीला टेकले तो क्षणही त्यासाठी पुरतो.

चित्रण कसे साठवले जाते हेही पाहावे लागते. नेहमीच्या कॅमेऱ्यात सेकंदाला २५ किंवा ३० फ्रेम असतात, म्हणजे एक फ्रेम ०.०४ किंवा ०.०३३ सेकंदाची. चौकातल्या सीसीटीव्हीचे चित्रण मिळाले तर मोह होतो, पण त्यातली काही यंत्रे जागा वाचवण्यासाठी सेकंदाला पाच-सहाच फ्रेम ठेवतात आणि मधूनच फ्रेम गाळतात. मोबाइलचे चित्रणही फसवे, कारण पुष्कळ फोन प्रकाश पाहून फ्रेमचा दर आपणच कमी-जास्त करतात. फ्रेम मोजून वेळ काढायची तर दर कायम हवा. त्याची पारख सोपी आहे. सुरुवातीला आणि शेवटी सेकंदकाटा चालू असलेले घड्याळ कॅमेऱ्यासमोर धरायचे आणि मधल्या फ्रेमच्या संख्येशी ताळा करून पाहायचा.

अंतर मोजायला पट्टे स्वतःच फूटपट्टीसारखे उपयोगी पडतात. भारतीय रस्ते काँग्रेसच्या मानकाप्रमाणे पट्टा साधारण अर्धा मीटर रुंद असतो, पण रंगाचे थरावर थर चढताना कडा सरकलेल्या असतात. म्हणून पहाटे रस्ता रिकामा असताना टेप लावून पट्ट्यांचे चार कोपरे आणि त्यांच्यातली अंतरे मोजून घेतात. किनोव्हियासारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये त्या चार कोपऱ्यांवर जाळी बसवली की तिरक्या चित्रातले ठिकाण जमिनीवरच्या मीटरमध्ये मिळते. फक्त जमिनीवरच्या, हे विसरून चालत नाही. कॅमेरा आठ मीटर उंचीवर आणि माणूस त्याच्यापासून वीस मीटरवर असेल, तर १.७ मीटर उंचीच्या त्या माणसाच्या डोक्यावर खूण केल्यास सॉफ्टवेअर त्याला २५ मीटरच्याही पुढे नेऊन ठेवते. पाच मीटरची ही चूक म्हणजे जवळपास दीड लेन. त्यामुळे खूण नेहमी पाऊल जमिनीला टेकते तिथे करायची, आणि वाहनाच्या बाबतीत पुढचे चाक रस्त्याला लागते तिथे.

आता प्रत्यक्ष नोंद. उदाहरणादाखल दुभाजक असलेला चौपदरी रस्ता धरू. एका दिशेचा रस्ता सात मीटर रुंद, म्हणजे साडेतीन मीटरच्या दोन लेन, आणि चित्रण सेकंदाला २५ फ्रेमचे. हातात पिशवी घेतलेले एक वयस्क गृहस्थ फुटपाथच्या कडेला येतात तेव्हा फ्रेमचा क्रमांक १७,९१५ आहे. त्यांचे पहिले पाऊल रस्त्यावर पडते १८,२४० ला. मधल्या ३२५ फ्रेम म्हणजे १३ सेकंद ते थांबले. दुभाजकावर ते पोहोचतात १८,४०० ला, म्हणजे रस्ता ओलांडायला १६० फ्रेम, ६.४ सेकंद लागले. सात मीटरला ६.४ ने भागले की वेग येतो सेकंदाला १.०९ मीटर. सिग्नलच्या आखणीत सहसा धरतात त्या १.२ मीटरपेक्षा तो कमी आहे, आणि उतारवयाचा माणूस म्हणून कुणालाही खटकणार नाही.

पण चित्रण फ्रेमफ्रेमने पुढे सरकवले तर वेगळेच दिसते. पहिली लेन त्यांनी ७० फ्रेममध्ये पार केली. मग लेनच्या रेषेवर ते ३५ फ्रेम, म्हणजे १.४ सेकंद, चक्क उभे आहेत. समोरून रिक्षा जाते आहे. रिक्षा गेल्यावर दुसरी लेन त्यांनी ५५ फ्रेममध्ये गाठली. साडेतीन मीटर २.२ सेकंदांत म्हणजे सेकंदाला जवळपास १.६ मीटर, ही चाल नव्हे, धावपळ आहे. १.०९ या एका सरासरीत एक नेहमीची चाल, दोन वाहनांच्या मधले एक थांबणे आणि एक पळ अशा तीन गोष्टी गडप झाल्या. संपूर्ण रस्ता रिकामा होण्याची वाट न पाहता एकेक लेन रिकामी होईल तसे पुढे सरकण्याची ही रीत आपल्याकडे सर्रास दिसते. अभ्यासक तिला सरकती गॅप म्हणतात. म्हणूनच भारतीय रस्त्यांवर केवळ ‘निघाले’ आणि ‘पोहोचले’ एवढ्या दोन नोंदी अपुऱ्या ठरतात आणि प्रत्येक लेनच्या रेषेवरची फ्रेम वेगळी लिहावी लागते.

गॅप हा या अभ्यासाचा कणा आहे. लागोपाठच्या दोन वाहनांमध्ये पट्ट्यांपाशी जेवढा वेळ मोकळा मिळतो ती गॅप. थांबलेला माणूस काही गॅप नाकारतो आणि एक स्वीकारतो. पुष्कळ माणसांचे स्वीकार आणि नकार मांडले की त्या ठिकाणी साधारण किती सेकंदांच्या गॅपला लोक निघतात याचा अंदाज येतो. मात्र इथे एक पेच आहे. उतावळा माणूस पहिलीच गॅप घेऊन निघून जातो; सावध माणूस दहा गॅप नाकारून अकरावी घेतो. सगळे नकार एकत्र ओतले तर सावध माणसांचे म्हणणे दसपट जोराने ऐकू येते आणि रस्ता आहे त्यापेक्षा शहाणा दिसतो. त्यावर एक सोपा तोडगा आहे. प्रत्येकाची स्वीकारलेली गॅप आणि त्याने नाकारलेल्यांपैकी सर्वांत मोठी, एवढ्या दोनच संख्या घ्यायच्या.

याहून मोठी गफलत चालकाने ब्रेक दाबल्यामुळे होते. समजा माणसाने पाऊल टाकले तेव्हा कार ४० मीटरवर होती आणि तिचा वेग ताशी ३६ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १० मीटर होता. माणसाने पत्करलेली गॅप चार सेकंदांची आहे. त्याला पाहून चालकाने वेग कमी केला आणि कार पट्ट्यांवर आली साडेसहा सेकंदांनी. नोंद करणाऱ्याने फक्त कार पट्ट्यांवर आल्याची फ्रेम लिहिली तर तक्त्यात साडेसहा सेकंद जातात. जोखीम घेतली पादचाऱ्याने, ती निभावली चालकाने, आणि कागदावर पादचारी सावध ठरला. हे टाळायचे तर पाऊल पडते त्या फ्रेमला वाहन कुठे आहे आणि आधीच्या सेकंदात त्याने किती अंतर कापले, हे मोजावे लागते. येणाऱ्या बाजूचा पन्नास मीटर रस्ता चित्रात हवा तो यासाठीच.

चालकांनी वाट दिली की नाही, याची टक्केवारी बातम्यांमध्ये लवकर झळकते आणि तीच सर्वांत बेजबाबदारपणे काढली जाते. टक्केवारी काढायची तर ‘किती पैकी’ हे ठरले पाहिजे. भारतीय रस्ते काँग्रेसच्या हिशेबात ताशी ४० किलोमीटर वेगाने येणाऱ्या चालकाला प्रसंग ध्यानात येऊन थांबेपर्यंत ४५ मीटर लागतात. त्यातले जवळपास २८ मीटर तर पाय ब्रेकवर जाण्याआधीच सरतात. माणूस कडेला येऊन उभा राहिला तेव्हा दहा मीटरवर असलेली मोटरसायकल थांबली नाही, यात तिच्या चालकाच्या वृत्तीबद्दल काहीच कळत नाही. अशी वाहने मोजणीतून बाजूला काढून मगच टक्केवारी मांडायची. शिवाय ‘थांबला’ आणि ‘थांबला नाही’ एवढ्या दोन रकान्यांत आपली रहदारी बसत नाही. पूर्ण थांबणारे थोडे. वेग कमी करणारे, हॉर्न देत तसेच येणारे आणि माणसाच्या पुढून किंवा मागून वळसा घेऊन निसटणारे जास्त. दोन लेनच्या रस्त्यावर आणखी एक प्रसंग वेगळा टिपावा लागतो: पहिल्या लेनमध्ये बस सभ्यपणे थांबते, माणूस तिच्यापुढून निघतो आणि बसच्या आडून दुसऱ्या लेनमधली दुचाकी भरधाव येते. इथे वाट देणाऱ्याच्या चांगुलपणातूनच धोका उभा राहतो.

त्या पिशवीवाल्या गृहस्थांकडे परत गेले तर जवळिकीचे मोजमापही पाहता येते. दुसऱ्या लेनच्या मध्यावरची जागा त्यांनी १८,३७८ ला सोडली आणि त्याच जागेवर मोटरसायकलचे पुढचे चाक आले १८,४०९ ला. मधल्या ३१ फ्रेम म्हणजे १.२४ सेकंद. एकाने जागा सोडल्यापासून दुसरा तिथे येईपर्यंतच्या या वेळेला अभ्यासक पीईटी म्हणतात. दोन्ही टोकांना एकेक फ्रेमची चूक धरली तरी उत्तर ०.०८ सेकंदाने हलेल. सेकंदाला पाच फ्रेमच्या चित्रणात तीच चूक ०.४ सेकंदापर्यंत जाते आणि दीड सेकंदाच्या आतली संख्या निरर्थक होते. बऱ्याच अभ्यासांत दीड सेकंदाच्या खालचा पीईटी गंभीर धरतात. पण जिथे चालक सवयीनेच माणसाच्या अगदी मागून गाडी काढतात, तिथे लहान पीईटी म्हणजे धडक हुकलीच असे म्हणता येत नाही. म्हणून त्याच्या शेजारच्या रकान्यात कोणी ब्रेक मारला, कोणी मागे सरकले, कोणी पळाले हेही लिहितात. संख्या लहान आणि बचावाची धडपडही दिसते, असे प्रसंग वेगळे काढले की यादी छोटी पण भरवशाची होते.

माणसांच्या वागण्याची नोंद आकड्यांपेक्षा अवघड. ‘पाहून निघाला का?’ हा साधा वाटणारा प्रश्न घ्या. गच्चीवरच्या कॅमेऱ्याला डोळे दिसत नाहीत, मान वळलेली दिसते. तेव्हा तक्त्यात ‘पाहिले’ असे न लिहिता ‘पाऊल टाकण्याआधीच्या तीन सेकंदांत मान वाहनांकडे वळली’ असे लिहायला हवे. वयाचेही तसेच, मूल, प्रौढ, वृद्ध एवढ्या ढोबळ गटांपलीकडे जाऊ नये. फोन कानाला होता की नुसता हातात, हे मात्र सहसा दिसते.

अशा नोंदी दोघांनी एकमेकांना न विचारता करून पाहायच्या असतात. समजा १०० जणांबद्दल ६२ वेळा दोघेही ‘मान वळली’ म्हणाले, २० वेळा दोघेही ‘नाही’ म्हणाले, उरलेल्या १८ वेळा मतभेद झाला. त्यांत आठ वेळा पहिल्याचे ‘हो’ होते आणि दहा वेळा दुसऱ्याचे. एकमत ८२ टक्के, ऐकायला उत्तम. पण ‘हो’ हेच उत्तर बहुसंख्य असल्याने डोळे मिटून खुणा केल्या असत्या तरी जवळपास ५९ टक्के एकमत योगायोगाने झालेच असते. तो भाग वजा करून जे उरते ते कोहेनच्या कप्पा या मापात ०.५६ येते. ते मध्यम प्रतीचे आहे, पुढे जाण्याइतके चांगले नाही. उपाय म्हणून दोघांना एकत्र बसवून वादाचे अठरा प्रसंग पुन्हा पाहतात. बहुतेकदा कळते की कोणाचीही नजर चुकलेली नसते. व्याख्येतच भोक असते. एकाने मान थोडी वळणे धरलेले असते, दुसऱ्याने पूर्ण वळणे.

कोणाची नोंद होते, यातही पूर्वग्रह शिरतो. गर्दीच्या वेळी सगळ्यांना टिपणे शक्य नसते आणि माणसाची नजर धावणाऱ्याकडे, छत्रीवालीकडे, मुलांना ओढत नेणाऱ्याकडे आपसूक जाते. म्हणून कडेला येणारा दर पाचवा असा नियम घालून घेतात. घोळक्यात पुढच्याने पाऊल टाकले की मागचे सहा जण त्याच्या भरवशावर निघतात. ते सात निर्णय नाहीत, एकच आहे, आणि तक्त्यात घोळक्याला वेगळा क्रमांक द्यावा लागतो. सर्वांत सहज निसटतात ते पट्ट्यांवर न आलेले. वीस पावले अलीकडून दुभाजकाच्या फटीतून जाणारे आणि कडेला पाच मिनिटे थांबून कंटाळून परत फिरणारे लोक चित्राच्या चौकटीत घेतले नाहीत, तर पट्टे ठीक चालले आहेत असा अहवाल तयार होतो. ज्येष्ठ नागरिक तिथे येणेच सोडून देतात तेव्हा तर तक्त्यात त्यांचे वागणे उत्कृष्ट दिसू लागते, कारण धडधाकट तेवढेच उरलेले असतात.

चित्रणात चेहरे आणि नंबरप्लेट येतात. अभ्यासाला दोन्हींची गरज नसते. म्हणून दाखवायच्या प्रतीत ते धूसर करतात आणि मूळ चित्रण अहवालाची तपासणी होईपर्यंत मोजक्या लोकांच्या ताब्यात ठेवतात. लगेच पुसणे मात्र चूक. एखाद्या आकड्यावर आक्षेप आला तर ती फ्रेम पुन्हा काढून दाखवता आली पाहिजे.

हे सगळे करूनही व्हिडिओतून माणूस का धावला ते कळत नाही. बस सुटत होती की भीती वाटली, हे त्यालाच विचारावे लागते. गंभीर प्रसंग निम्मे झाले म्हणून अपघातही निम्मे होतील असेही ठामपणे म्हणता येत नाही. एकाच जागेची सुधारणेआधीची आणि नंतरची तुलना मात्र भक्कमपणे करता येते, जर तोच वार, तेच तास, तीच कॅमेऱ्याची जागा आणि त्याच व्याख्या ठेवल्या तर. गणेशोत्सवाचे, परीक्षांचे आणि धो धो पावसाचे दिवस दोन्ही वेळा टाळायचे. दुसरे चित्रण काम संपल्याबरोबर घेणे हा यातला शेवटचा मोह. ताजा रंग आणि नवे फलक पाहून पहिले काही दिवस चालक बिचकतात, नंतर सरावतात. महापालिकेने पट्टे रंगवल्याच्या आठवड्यातच मोजलेली सुधारणा ही रंगाच्या नवलाईची असते; रस्त्यात खरोखर काय बदलले ते दोन-तीन महिन्यांनी घेतलेल्या चित्रणातच दिसते.